५८ दिसतंय, पण ते मॅकलॅफर्टीचंच आहे का? C₆H₁₂O च्या स्पेक्ट्रममधला वारंवार होणारा घोळ आणि त्याची उकल

कार्बोनिल संयुगांचे मास स्पेक्ट्रम वाचताना एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. "गॅमा हायड्रोजन आहे, मग मॅकलॅफर्टीचं पीक का नाही?" किंवा याच्या अगदी उलट, "पीक आहे म्हणून मिथाइल किटोन लिहिलं, आणि रचना चुकीची निघाली." दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. पीक कुठे यायला हवं, किती मोठं यायला हवं आणि त्या जागी दुसरं काय बसू शकतं, हे न तपासता आपण थेट नाव देऊन टाकतो.

आमच्याकडे घडलेला एक प्रसंग घेऊन हे सांगतो, कारण त्यात जवळजवळ सगळ्या अडचणी एकाच रेणुसूत्राभोवती गोळा झाल्या होत्या. एका विद्यार्थिनीने हेक्झॅनॉलच्या जुन्या बाटलीतल्या द्रवाचं ऑक्सिडेशन केलं. लेबलवरचा स्थानांक पुसट झालेला होता, पण ते २-हेक्झॅनॉल असावं असं सगळे धरून चालले होते. जीसी-एमएसवर एकच मुख्य पीक आलं, रेणुभार १००, म्हणजे C₆H₁₂O. स्पेक्ट्रममध्ये ५८ होतं. मिथाइल किटोनचं ५८ तर पाठ्यपुस्तकात असतंच, म्हणून वहीत "२-हेक्झॅनोन" लिहिलं गेलं. रिटेन्शन टाइमही प्रमाणित २-हेक्झॅनोनच्या इतका जवळ होता की शंका यायला जागा नव्हती. पुढच्या टप्प्यातली अभिक्रिया मात्र काही केल्या जुळेना, तेव्हा आम्ही स्पेक्ट्रम पुन्हा उघडला.

आधी अपेक्षा नीट मांडा

इलेक्ट्रॉन आयनीकरणात कार्बोनिलच्या ऑक्सिजनवरून एक इलेक्ट्रॉन जातो आणि रॅडिकल कॅटायन तयार होतो. हा ऑक्सिजन साखळी वळवून सहा अणूंच्या वलयासारख्या स्थितीतून गॅमा कार्बनवरचा हायड्रोजन ओढून घेतो. रॅडिकल आता गॅमा कार्बनवर येतो आणि मग अल्फा आणि बीटा कार्बनमधला बंध तुटतो. बीटा आणि त्यापलीकडचा भाग अल्कीन म्हणून निघून जातो आणि कार्बोनिलकडचा भाग इनॉलचा रॅडिकल कॅटायन म्हणून उरतो. फ्रेड मॅकलॅफर्टी यांनी १९५९ मध्ये ही पुनर्रचना सविस्तर मांडली, म्हणून तिला त्यांचं नाव आहे. हायड्रोजन आधी सरकतो आणि बंध नंतर तुटतो, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पीक कधी लहान येतं याचं कारण पुढे त्यातच सापडतं.

पहिली चूक अक्षरं मोजताना होते. कार्बोनिलचा कार्बन अल्फा नसतो, त्याच्या शेजारचा अल्फा असतो. २-हेक्झॅनोनसाठी ते असं आहे:

```
CH3-CO-CH2-CH2-CH2-CH3
       α   β   γ   δ
```

तुटणारा बंध α आणि β यांच्या मधला. उजवीकडून बीटा, गॅमा आणि डेल्टा असे तीन कार्बन प्रोपीन होऊन जातात, म्हणजे ४२ वजा होतात आणि ५८ उरतात. कार्बोनिल कार्बनलाच अल्फा धरून मोजलं की गॅमा एका कार्बनने अलीकडे येतो, तुटणारा बंधही सरकतो आणि हिशोब १४ ने चुकतो. मग स्पेक्ट्रममध्ये ४४ शोधलं जातं, ते सापडत नाही, आणि "पुनर्रचना झालीच नाही" असा शेरा मारला जातो.

मी स्वतः रेणुभारातून वजाबाकी करत नाही. उरणारा तुकडा नेहमी R–C(OH)=CH₂ असतो, आणि त्यातल्या C(OH)=CH₂ चं वजन ४३. म्हणून ४३ मध्ये कार्बोनिलच्या दुसऱ्या बाजूच्या गटाचं वजन मिळवायचं. अल्डिहाइडमध्ये तो हायड्रोजन असतो, तर ४४. मिथाइल असेल तर १५ मिळवून ५८, इथाइल असेल तर ७२. आम्लाला ६०, मिथाइल एस्टरला ७४. अल्फा कार्बनवर शाखा म्हणून मिथाइल असेल तर आणखी १४. हा हिशोब साखळी किती लांब आहे यावर अवलंबूनच नाही, आणि त्याचा खरा उपयोग तोच आहे. रेणुभाराचं पीक दिसत नसलं तरी हा आकडा काढता येतो.

याच आकड्यात आणखी एक चूक दडलेली असते. काही जण बंध तोडतात पण हायड्रोजन सरकवायला विसरतात आणि ५७ लिहितात. नायट्रोजन नसलेल्या संयुगात साधा बंध तुटून बनलेले आयन विषम वस्तुमानावर येतात, तर अख्खा उदासीन रेणू बाहेर पडून बनलेले आयन सम वस्तुमानावर. मॅकलॅफर्टीत अल्कीन हा पूर्ण रेणू बाहेर जातो, म्हणून ५८, ७२, ४४ असे समच आकडे येतात. हिशोब करून विषम आकडा आला तर हायड्रोजन राहिला असं समजा.

५८ किती आहे, हे त्याच्या शेजाऱ्याकडे बघून ठरवा

आता त्या स्पेक्ट्रमकडे येतो. सगळ्यात उंच पीक ४३ होतं. त्याच्या मागोमाग ५७, साधारण ९० टक्के. ७१ चाळीसच्या आसपास. १०० व्यवस्थित दिसत होतं. आणि ५८? तीन टक्के.

इथेच थांबायला हवं होतं. निसर्गात कार्बनचा सुमारे १.१ टक्का भाग १३ वस्तुमानाचा असतो. म्हणून कुठल्याही आयनाच्या पुढच्या आकड्यावर, त्यात जितके कार्बन असतील तितके १.१ टक्के, एवढं समस्थानिकाचं पीक आपोआप येतंच. ५७ जर C₃H₅O⁺ असेल तर त्यात तीन कार्बन, म्हणजे ५८ वर त्याचे सुमारे ३.३ टक्के यायला हवेत. ९० चे ३.३ टक्के म्हणजे ३. आमचं अख्खं ५८ एवढ्यातच संपलं. मॅकलॅफर्टीसाठी त्यात काहीच उरलं नाही.

खऱ्या २-हेक्झॅनोनमध्ये चित्र वेगळं असतं. तिथे ५८ हे ४३ च्या खालोखालचं ठळक पीक असतं आणि ५७ त्याच्या शेजारी बुटकं. म्हणजे ५८ आणि ५७ यांचं गुणोत्तर एकपेक्षा बरंच जास्त. आमच्याकडे ते ०.०३ होतं. हा फरक नुसत्या डोळ्यांनीही दिसतो, पण "५८ आहे का?" असा प्रश्न विचारला की उत्तर "आहे" असंच येतं. प्रश्न "५८ त्याच्या ५७ च्या मानाने किती आहे?" असा हवा. मी आता वहीत सम आकड्याचं कुठलंही पीक लिहिताना त्याच्या आधीच्या विषम पीकची उंची शेजारी लिहायला लावतो. समस्थानिकाचा वाटा वजा केल्यावर जे उरतं तेवढ्यालाच नाव द्यायचं.

मग हे होतं काय? अल्फा विदलनाकडे बघितलं की लगेच कळतं. कार्बोनिलच्या एका किंवा दुसऱ्या बाजूचा बंध तुटून दोन अॅसिलियम आयन मिळतात. दोन्हींत CO असतो, म्हणून त्यांच्या वस्तुमानांची बेरीज रेणुभारापेक्षा २८ ने जास्त भरते. १०० साठी ती १२८ हवी. २-हेक्झॅनोनसाठी ती जोडी ४३ आणि ८५. आमच्या स्पेक्ट्रममध्ये ८५ जवळजवळ नव्हतंच. ५७ आणि ७१ मात्र उंच होते, आणि त्यांची बेरीज बरोबर १२८. म्हणजे एका बाजूला इथाइल, दुसऱ्या बाजूला तीन कार्बन. सरळ साखळी धरली तर ३-हेक्झॅनोन. उंच ४३ हे अॅसिटाइलचं नसून मुख्यतः C₃H₇⁺ होतं. एकाच आकड्याचे हे दोन आयन साध्या क्वाड्रुपोलवर वेगळे दिसत नाहीत, आणि गोंधळात भर पडली ती त्यामुळे.

रिटेन्शन टाइमने साथ दिली नाही हेही समजण्यासारखं आहे. २-हेक्झॅनोन आणि ३-हेक्झॅनोन यांच्या उत्कलनबिंदूंत चारेक अंशांचाच फरक आहे आणि अध्रुवीय कॉलमवर ती एकमेकांना खेटून बाहेर पडतात. अशा वेळी नमुना आणि प्रमाणित द्रव एकत्र मिसळून तेच मिश्रण इंजेक्ट केलं तर एक पीक येतं की दोन, हे लगेच दिसतं. वेगवेगळ्या दिवशीच्या दोन धावांतले टाइम ताडून बघणं पुरेसं नसतं.

गॅमा हायड्रोजन आहे, तरीही पीक किरकोळ

३-हेक्झॅनोन ठरल्यावर विद्यार्थिनीचा पुढचा प्रश्न रास्त होता. प्रोपाइलच्या टोकाला गॅमा कार्बन आहे, त्यावर तीन हायड्रोजन आहेत. ४३ मध्ये इथाइलचे २९ मिळवले की ७२. मग ७२ ठळक का नाही?

आमच्या स्पेक्ट्रममध्ये ७२ चार टक्क्यांच्या आसपास होतं. त्यातले पावणेदोन तरी ७१ च्या समस्थानिकाचे, कारण ७१ म्हणजे C₄H₇O⁺, चार कार्बन, ४.४ टक्के, आणि ४० चे ४.४ टक्के १.८ होतात. उरलेले दोनेक टक्के खरी पुनर्रचना. ती झाली, पण नावापुरती.

कारण यंत्रणेतच आहे. इथे सरकणारा हायड्रोजन टोकाच्या CH₃ वरचा आहे. तो गेल्यावर मागे प्राथमिक रॅडिकल उरतो, जो तयार व्हायला महाग. शिवाय बाहेर पडतं ते इथिलीन, सगळ्यात कमी स्थिर अल्कीन. २-हेक्झॅनोनमध्ये गॅमा जागी CH₂ आहे, तिथे द्वितीयक रॅडिकल बनतो आणि प्रोपीन बाहेर पडतं, म्हणून पीक ठळक. हाच फरक एका कार्बनच्या अंतराने बघायचा असेल तर २-पेंटॅनोन आणि २-हेक्झॅनोन शेजारी ठेवा. दोघांतही ५८ येतं, पण २-पेंटॅनोनमध्ये ते दुबळं असतं, कारण तिथेही गॅमा कार्बन टोकाचाच आहे. साखळी एका CH₂ ने वाढली की ५८ एकदम उठून दिसतं. म्हणून "गॅमा हायड्रोजन आहे" एवढं लिहून थांबू नका, तो कोणत्या प्रकारच्या कार्बनवर आहे हेही लिहा.

टोकाच्या मिथाइलवरचे गॅमा हायड्रोजन नेहमीच निकामी असतात असं मात्र नाही. ४-मिथाइल-२-पेंटॅनोनमध्ये गॅमा जागी दोन CH₃ आहेत. हायड्रोजन सहा, आणि बाहेर पडतं प्रोपीन. तिथे ५८ चांगलं दिसतं.

आणि कधी कधी गॅमा कार्बन नसतोच. C₆H₁₂O मध्येच अशी दोन किटोन आहेत ज्यांच्यात साखळी लांब वाटते पण गॅमापर्यंत पोचत नाही. २-मिथाइल-३-पेंटॅनोनमध्ये एका बाजूला इथाइल आणि दुसऱ्या बाजूला आयसोप्रोपाइल, दोन्ही बीटावर संपतात. ३,३-डायमिथाइल-२-ब्युटॅनोनमध्येही अल्फावर तीन मिथाइल आहेत, ते सगळे बीटा. पहिल्याचे अॅसिलियम आयनही ५७ आणि ७१ च, म्हणजे बेरजेने ३-हेक्झॅनोनपासून तो वेगळा होत नाही. अशा ठिकाणी ७२ चे ते उरलेले दोन टक्के मोलाचे ठरतात, पण तेवढ्या छोट्या उंचीवर निकाल द्यायला मी धजत नाही. त्यासाठी पुढचा ड्युटेरियमचा प्रयोग आहे.

पीक पूर्ण गायब: आधी यंत्राची सेटिंग बघा

रेणुभार १०० असलेला आणखी एक सभासद म्हणजे हेक्झॅनाल. अल्डिहाइड असल्यामुळे अपेक्षित आकडा ४४. तो सापडला नाही तर रसायनाकडे जाण्याआधी स्कॅन कुठून सुरू होतो ते तपासा. हवेचा नायट्रोजन, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड टाळायचे म्हणून पुष्कळ पद्धतींमध्ये स्कॅन ४५ किंवा ५० पासून ठेवलेला असतो. मग ४४ नोंदलंच जात नाही. पद्धत दुसऱ्या कोणी लिहिलेली असेल तर हे चटकन लक्षात येत नाही. दुसरं तितकंच नेहमीचं कारण म्हणजे बॅकग्राउंड वजा करताना निवडलेली जागा पीकच्या अगदी पायथ्याशी असणं. तिथे ४४ आधीच चढायला लागलेलं असतं आणि वजाबाकीत आपलाच तुकडा कापला जातो.

स्कॅन बदलून पुन्हा धाव घेणं शक्य नसेल तर जोडीदार शोधा. α-β बंध तुटल्यावर धनभार इनॉलवरच राहील असं बंधन नाही, तो अल्कीनवरही जाऊ शकतो. कोणाकडे जाईल हे आयनीकरण ऊर्जेवरून ठरतं, ज्याची कमी त्याच्याकडे धनभार जास्त करून राहतो. हा स्टीव्हनसनचा नियम. अॅसिटोनच्या इनॉलची आयनीकरण ऊर्जा सुमारे ८.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, प्रोपीनची ९.७. एवढा फरक असल्यामुळे मिथाइल किटोनमध्ये धनभार इनॉलकडेच राहतो. हेक्झॅनालमध्ये इनॉल म्हणजे व्हिनाइल अल्कोहोल, सुमारे ९.२, आणि समोर १-ब्युटीन, सुमारे ९.६. फरक कमी, म्हणून दोघंही दिसतात. ४४ बरोबर ५६ हे ठळक पीक येतं. दोन्हींची बेरीज १००.

त्यामुळे ५० पासून स्कॅन केलेल्या हेक्झॅनालच्या स्पेक्ट्रममध्ये ५६ सगळ्यात उंच दिसू शकतं आणि वाचणारा त्याला १-हेक्झॅनॉल समजतो, कारण त्याचंही ५६ खूप उंच असतं. पाणी गेल्यानंतरचं पीक बघा. अल्डिहाइडमध्ये ते ८२ वर येतं, अल्कोहोलमध्ये ८४ वर. हेक्झॅनालमध्ये ७२ सुद्धा येतं, पण ते इथिलीन गमावून आलेलं, म्हणून त्यावरून इथाइल किटोन ठरवू नका. सम आकडा दिसला म्हणून तो मॅकलॅफर्टीचाच, असं समजायला इथे जागा नाही.

पीक आहे, उंचही आहे, पण दुसऱ्याचं आहे

४४ च्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि ५८ च्या जागी अॅसिटोन, हे दोन पाहुणे कायमचे. तपासणी दोघांसाठी एकच. त्या एका आकड्याचा क्रोमॅटोग्राम काढा आणि तो तुमच्या संयुगाच्या दुसऱ्या एखाद्या खात्रीच्या आयनाच्या क्रोमॅटोग्रामवर ठेवा. हेक्झॅनालसाठी ४४ आणि ५६, २-हेक्झॅनोनसाठी ५८ आणि ८५. दोन्ही एकाच क्षणी चढले आणि एकाच क्षणी उतरले तर ४४ तुमचं. ४४ ची रेघ आधीपासून नंतरपर्यंत सपाट असेल तर ते हवेचं आहे, आणि १८, २८, ३२ बघून गळती तपासायला हवी. सिरिंज अॅसिटोनने धुतलेली असेल तर ५८ ची लांब शेपटी सुरुवातीपासून पसरलेली दिसते आणि त्यावर तुमचं पीक छोट्या उंचवट्यासारखं बसतं.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. अॅसिटोनचा ५८ आणि २-हेक्झॅनोनचा ५८ यांचं सूत्र एकच, C₃H₆O, पण रचना वेगळी. पहिला कीटो रूपातला, दुसरा इनॉल. द्रवात अॅसिटोनचं इनॉल रूप नगण्य असतं, पण वायुरूपात रॅडिकल कॅटायन म्हणून इनॉलच अधिक स्थिर असतं. आपण ज्या तुकड्याचा आकडा वहीत लिहितो तो "अॅसिटोनचा आयन" नाही, हे रचना काढताना विसरू नये.

तिसरा पाहुणा जास्त फसवा आहे. (CH₃)₂N–CH₂– गट असलेल्या अमाइनमध्ये बंध तुटून C₃H₈N⁺ हा आयन मिळतो आणि त्याचं वस्तुमानही ५८. N,N-डायमिथाइलब्युटाइलअमाइनचा रेणुभार १०१, आमच्या १०० पेक्षा फक्त एकाने जास्त, आणि रेणू-आयनाचं पीक बारीक. इथे पुन्हा अॅसिलियमची जोडी कामाला येते. ४३ आणि ८५ ची जोडी जुळत नसताना ५८ एकटं उंच असेल, तर आधी नायट्रोजनचा विचार करा. अचूक वस्तुमान मोजणारं यंत्र हाताशी असेल तर प्रश्न एका क्षणात सुटतो. C₃H₆O चा आयन ५८.०४१ वर आणि C₃H₈N चा ५८.०६५ वर येतो. तसंच ४४ च्या बाबतीत C₂H₄O ४४.०२६ वर आणि कार्बन डायऑक्साइड ४३.९८९ वर.

आणि नमुना इलेक्ट्रोस्प्रेवर घेतला असेल तर हे सगळे आकडे शोधायलाच जाऊ नका. तिथे [M+H]⁺ तयार होतो, त्यात विषम इलेक्ट्रॉन नसतो, आणि वर सांगितलेली वाट रॅडिकल कॅटायनची आहे.

खात्री करायची असेल तर ड्युटेरियम

३-हेक्झॅनोन की २-मिथाइल-३-पेंटॅनोन, आणि २-हेक्झॅनोन खरोखर बाद झालं का, हे आम्ही अल्फा हायड्रोजन बदलून ठरवलं. किटोनचे थोडे थेंब D₂O आणि CH₃OD च्या मिश्रणात, चिमूटभर कोरडं K₂CO₃ टाकून, घट्ट बंद बाटलीत रात्रभर कोमट ठेवले. मग पेंटेनमध्ये काढून, सुकवून इंजेक्ट केलं. क्षारीय माध्यमात फक्त कार्बोनिलच्या शेजारचे हायड्रोजन बदलतात. गॅमाचे जसेच्या तसे राहतात, त्यामुळे मॅकलॅफर्टीत सरकणारा हायड्रोजन साधाच असतो आणि हिशोब स्वच्छ राहतो.

२-हेक्झॅनोन असतं तर पाच हायड्रोजन बदलले असते. रेणुभार १०५, ४३ चं CD₃CO⁺ होऊन ४६, आणि मॅकलॅफर्टीचा ५८ जाऊन ६३ आला असता. ३-हेक्झॅनोनमध्ये अल्फा हायड्रोजन चार, म्हणजे १०४. ५७ चं ५९, ७१ चं ७३, आणि C₃H₇⁺ मध्ये दोन ड्युटेरियम असल्यामुळे ४३ चं ४५. ७२ वरचं ते किरकोळ पीक ७६ वर. २-मिथाइल-३-पेंटॅनोनमध्ये आयसोप्रोपाइलच्या बाजूला अल्फा हायड्रोजन एकच, इथाइलच्या बाजूला दोन, म्हणून रेणुभार १०३ आणि ४३ चं ४४.

आमच्याकडे १०४, ७३, ५९ आणि ४५ आले. ७६ वरही दोनेक टक्के उरले होते, ७३ पासून ते आता तीन घरं दूर असल्यामुळे समस्थानिकाची शंका राहिली नाही. बाटलीत २-हेक्झॅनॉल नव्हतं, ३-हेक्झॅनॉल होतं.

हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा १०४ च्या शेजारी १०३ जवळजवळ तितकंच उंच आलं होतं. ते दुसऱ्या संयुगाचं नव्हतं, विनिमय अर्धवट राहिला होता. ओळखायची खूण अशी की अर्धवट विनिमयात १०२, १०३, १०४ अशी उतरंड दिसते आणि ५९ च्या शेजारी ५८ ही वाढतं. अशा वेळी ते ५८ पुन्हा मॅकलॅफर्टीचं समजून आपण जिथून निघालो तिथेच परत येऊ शकतो. ताजं D₂O घेऊन विनिमय आणखी एकदा केला आणि काचेची भांडी आधी वाळवून घेतली, तेव्हा उतरंड गेली.

एक मर्यादा आधीच माहीत असलेली बरी. २-हेक्झॅनोन आणि ४-मिथाइल-२-पेंटॅनोन यांच्यात निवड करायची असेल तर ५८ उपयोगी पडत नाही आणि ड्युटेरियमही नाही. दोघांत अल्फा हायड्रोजन पाच, दोघांचा रेणुभार १०५ होतो, दोघांतून प्रोपीनच बाहेर पडतं आणि दोघांचा तुकडा ६३ वर येतो. अल्फापलीकडची शाखा या पुनर्रचनेला दिसत नाही, कारण ती शाखा अल्कीनबरोबर निघून गेलेली असते. त्या जोडीसाठी प्रमाणित द्रवांबरोबर एकत्र इंजेक्शन किंवा प्रोटॉन एनएमआर घ्या. आयसोप्रोपाइलचं दुहेरी शिखर ०.९ पीपीएमच्या आसपास सहा प्रोटॉनांचं दिसतं, तर सरळ साखळीच्या टोकाला तिथेच तीन प्रोटॉनांचं तिहेरी शिखर असतं.